खरेदी बिलांचं व्हाउचिंग : एका फॅब्रिकेशन कंपनीच्या ऑडिटमधल्या नोंदी

भोसरी एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. पत्रा, प्लेट आणि पाइप विकत घेऊन मशिनच्या फ्रेम आणि टाक्या बनवते. ऑडिटचं वर्ष 2024-25, हिशोब टॅलीत. खरेदीचं व्हाउचिंग माझ्याकडे होतं आणि हाताखाली दोन आर्टिकल होते. त्यांच्यासाठी रोज लिहिलेल्या नोंदी थोड्या नीट करून देते आहे. असंच काम पहिल्यांदा करणाऱ्याला यातून काय शोधायचं ते कळावं, एवढा हेतू.

16 जून 2025 : नमुना

खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढलं. वर्षभरात साधारण 1,260 बिलं आहेत आणि रक्कम जीएसटी सोडून 18 कोटींच्या आसपास जाते. सगळी बघणं शक्य नाही, म्हणून नमुना.

मागच्या वर्षीच्या वर्किंग पेपरमध्ये रजिस्टर रकमेप्रमाणे लावून वरची तीस बिलं घेतली होती. रकमेच्या हिशोबाने त्यात बराच भाग येतो, पण ती तीसही बिलं चार-पाच पार्ट्यांचीच निघाली. वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंग व्हील, हार्डवेअर, पेंट यांतलं एकही बिल कोणी उघडलेलं नव्हतं. शिवाय दरवर्षी मोठी बिलंच बघतात हे अकाउंट्सवाल्यांना पाठ झालं, की मोठ्या बिलांची फाइल चकाचक राहते आणि बाकीचं रामभरोसे.

यंदा तीन भाग केले. 10 लाखांवरची सगळी बिलं. मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा, त्यातली सगळी बिलं. उरलेल्यांतून तीस बिलं कुठलीही, म्हणजे खरोखर कुठलीही. त्यासाठी रजिस्टरशेजारी एक रकाना घातला:

```
=RAND()
```

आकडे आले की लगेच कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, मग त्या रकान्यावर सॉर्ट करा आणि वरची तीस उचला. व्हॅल्यू पेस्ट केल्या नाहीत तर फाइलला हात लावाल तेव्हा आकडे बदलतात आणि तीस बिलं कशी निवडली ते नंतर दाखवता येत नाही. एसए 530 प्रमाणे नमुना कसा घेतला हे कागदावर राहायला हवं.

यादी अकाउंटंटला आज दिली नाही. फाइली मागवल्या, बिलं आम्हीच काढणार. आधी यादी हातात गेली की जे कागद नाहीत ते रात्रीत तयार होऊ शकतात. इथे तसं होईल असं नव्हे, पण ती सवय लावून घ्यावी.

17 जून : बिल वाचणं

बिलावर काय बघायचं हे जीएसटीच्या नियम 46 मध्ये दिलेलंच आहे : पुरवठादाराचं नाव, जीएसटीआयएन, बिलाचा अनुक्रमांक आणि तारीख, आपल्या कंपनीचं नाव आणि जीएसटीआयएन, एचएसएन, परिमाण, करपात्र रक्कम, दर, कर. आर्टिकल हे भराभर टिक करतात. मी दोघांना तीन ठिकाणी थांबायला सांगितलं.

पहिलं, बिल कोणाच्या नावावर आहे. मालकांची याच आवारात दुसरी एक भागीदारी फर्म आहे. ग्राइंडिंग मशिनच्या सुट्या भागांचं एक बिल त्या फर्मच्या नावाचं निघालं, खर्च मात्र कंपनीत टाकलेला. रक्कम 38,000. लहान आहे, पण क्रेडिट मिळणार नाही आणि खर्चही कंपनीचा नाही.

दुसरं, परिमाणाचं एकक. बिल मेट्रिक टनात आणि पर्चेस ऑर्डर किलोत असली की दशांश चिन्ह सरकायला वेळ लागत नाही.

तिसरं, बिलावरचा शिपिंगचा पत्ता. पुढे 25 जूनच्या नोंदीत त्याचा उपयोग झाला.

बघून झालेल्या प्रत्येक मूळ बिलावर आमचा शिक्का आणि हिरव्या पेनची टिक. तेच बिल पुन्हा दुसऱ्या व्हाउचरला लावलं तर ओळखू येतं.

18 जून : सगळंच जुळतंय

आज तीन कागद एकत्र लावले. पर्चेस ऑर्डर, बिल आणि स्टोअरची माल मिळाल्याची नोंद, जिला इथे सगळे जीआरएन म्हणतात. दर ऑर्डरशी जुळतात, परिमाण जीआरएनशी जुळतं. संध्याकाळपर्यंत एकही फरक नाही. आर्टिकल खूश.

मला ते खटकलं. लोखंड वजनावर विकलं जातं. अठरा टनांचा ट्रक दोन वेगवेगळ्या काट्यांवर चढवला तर वीस-तीस किलो इकडेतिकडे होणारच. बारा ट्रकांची जीआरएन बिलाशी किलोपर्यंत जुळत असेल, तर जीआरएन वजन करून लिहिलेली नाही. बिल बघून लिहिली आहे.

स्टोअरमध्ये जाऊन विचारलं. स्टोअरकीपर काका सरळ माणूस, काही लपवलं नाही. "मॅडम, बिलावर आहे तेच वजन घेतो. प्लेटा मोजून घेतो, नग बरोबर असले की झालं. काट्याची पावती ड्रायव्हर देतो, ती फाइलला लागते."

म्हणजे कागद तीन, पण परिमाणाबद्दल सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे पुरवठादार. जीआरएन ही त्याच्याच आकड्याची नक्कल. अशा वेळी कितीही टिका मारल्या तरी माल तेवढाच आला याचा पुरावा तयार होत नाही. म्हणून वर्किंग पेपरच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला : हा कागद कोणी लिहिला आणि काय बघून लिहिला. त्या रकान्यात बारा ओळींना 'स्टोअर, बिल बघून' असं लिहिलं आणि आजचं जुळवणीचं काम पुन्हा करायचं ठरवलं.

19 जून : काटा पावत्या

एमआयडीसीतल्या खासगी वजनकाट्यावर प्रत्येक ट्रक भरलेला आणि रिकामा असा दोनदा चढतो. पावतीवर गाडी नंबर, दोन्ही वजनं, दोन्ही वेळा आणि निव्वळ वजन छापून येतं. ही पावती पुरवठादाराच्या हातची नाही आणि स्टोअरच्याही नाही, म्हणून आपल्याला ती हवी.

पावत्या होत्या, पण पार्टीप्रमाणे नाही. महिन्याप्रमाणे गठ्ठे बांधलेले, त्यात डिझेलच्या आणि टोलच्या पावत्याही मिसळलेल्या. थर्मल कागदावरची छपाई पुसट झालेली. गाडी नंबर आणि तारीख धरून शोधण्यात अख्खा दिवस गेला. कोणी हे काम करणार असेल तर बिलावरचा किंवा ई-वे बिलाच्या भाग ब मधला गाडी नंबर आधी एका यादीत लिहून घ्या आणि मग गठ्ठा सोडा. उलट क्रमाने केलं तर तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा उपसावा लागतो.

पहिली पावती हाती आली ती ऑगस्टमधल्या एका प्लेटच्या ट्रकची. बिलाचं वजन 18,546 किलो, जीआरएन 18,546 किलो. काट्यावर निव्वळ वजन 18,320 किलो. 226 किलो कमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या जरा खाली. कंपनीच्या ऑर्डरवर छापलं आहे की वजन प्रत्यक्ष काट्याप्रमाणे धरायचं, अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक चालेल आणि त्याहून जास्त असेल तर पूर्ण फरकाची डेबिट नोट निघेल. अर्धा टक्का म्हणजे 93 किलो. डेबिट नोट निघालेली नाही. 56 रुपये किलोने 12,656 रुपये, वर 18 टक्के जीएसटी 2,278.

20 जून : एकाच दिशेचा फरक

त्या पुरवठादाराचे वर्षात 14 ट्रक आले. नमुन्यात सगळे नव्हते, पण फरक सापडल्यावर त्या पार्टीपुरता नमुना वाढवला. 11 ट्रकांच्या पावत्या मिळाल्या, तीन मिळाल्या नाहीत. अकरापैकी नऊ ट्रक 140 ते 260 किलोंनी कमी. एकही जास्त नाही.

इतर पुरवठादारांच्या पत्र्याच्या आणि पाइपच्या ट्रकांच्याही पावत्या काढून तुलना केली. तिथे फरक आहेत, पण कधी दहा-वीस किलो कमी, कधी तेवढेच जास्त. काट्याचा फरक असाच दोन्ही बाजूंना पडतो. काटाच कमी दाखवत असता तर सगळ्याच पार्ट्यांचं वजन कमी आलं असतं. इथे एकाच पार्टीचं आणि नेहमी कमीच, म्हणजे कारण त्या व्यवहारात आहे.

आर्टिकलपैकी एकाचं मत पडलं की वाटेत माल काढतात. पण नग बरोबर आहेत आणि काका ते मोजून घेतात. प्लेट काढली असती तर एका झटक्यात सातशे किलो गेले असते. ही शंका वर्किंग पेपरमध्ये लिहिली आणि ती का टिकत नाही तेही लिहिलं.

21 जून : 25 गुणिले 741.825

बिल पुन्हा वाचलं. वर्णनात लिहिलं आहे : एमएस प्लेट, 10 मिमी, 1500 बाय 6300, नग 25. वजन 18.546 टन.

लोखंडाची घनता 7.85 धरतात. 10 मिमी जाडीच्या प्लेटचं दर चौरस मीटर वजन 78.5 किलो. दीड मीटर गुणिले 6.3 मीटर म्हणजे 9.45 चौरस मीटर, म्हणून एका प्लेटचं वजन 741.825 किलो. गुणिले 25 केलं की 18,545.6 किलो. बिलावर 18,546.

ते वजन कोणी केलेलंच नाही. कॅल्क्युलेटरवर काढलेलं आहे. बाजारात याला सेक्शनल वेट म्हणतात. प्लेट रोलिंगमध्ये जाडीच्या मान्य मर्यादेत थोडी पातळ निघाली की प्रत्यक्ष वजन कमी भरतं, बिल मात्र पूर्ण 10 मिमीचं लागतं. नऊही ट्रकांचे आकडे असेच नगांच्या गुणाकारात बसले. बाकीचे दोन ट्रक एचआर कॉइलचे होते. कॉइल काट्यावर तोलूनच विकतात आणि तिथला फरक तीस किलोंच्या आतच होता.

चोरी नाही, काटा बिघडलेला नाही. पुरवठादार गणिती वजनाने बिल करतो, कंपनीची ऑर्डर काट्याचं वजन म्हणते आणि जीआरएन बिलावरून उतरते, म्हणून दोघांतली तफावत वर्षभर कोणाच्या नजरेस पडली नाही. नऊ ट्रकांचा मिळून फरक 1,790 किलो, साधारण एक लाख रुपये, जीएसटी वेगळा.

18 कोटींच्या खरेदीत एक लाख म्हणजे ताळेबंदाचं चित्र बदलणारी रक्कम नाही. पण ते 1,790 किलो गेले कुठे? पुस्तकी साठ्यात ते आहेत, गोदामात कधी नव्हतेच. प्रॉडक्शनचा कागद मागवला तेव्हा दिसलं की वर्षअखेरीचा प्लेटचा तुटवडा 'कटिंग वेस्टेज' म्हणून लिहून टाकला आहे. वेस्टेजची टक्केवारी का वाढली म्हणून कटिंगच्या सुपरवायझरकडे दोनदा खुलासा मागितलेला होता. त्या माणसाचा यात काडीचा संबंध नव्हता. व्हाउचिंगमधली एक न तपासलेली जीआरएन शॉप फ्लोअरवरच्या माणसाला अशी भोवते, आणि म्हणूनच ही जुळवणी मनापासून करावी असं मला वाटतं.

24 जून : मार्चचा ट्रक

वर्षअखेरीची बिलं. आज बिलाच्या तारखेला हात न लावता गेटपासून सुरुवात केली. वॉचमनचं आवक रजिस्टर घेतलं आणि 25 मार्च ते 7 एप्रिल एकेक गाडी पुस्तकांशी लावली. पुस्तकातून कागदाकडे गेलं की नोंदलेली खरेदी खरी आहे का ते कळतं. आलेला माल नोंदायचा राहिला का, हे गेटवरून पुस्तकाकडे आल्याशिवाय कळत नाही. दोन्ही दिशा वेगळ्या आणि दोन्ही कराव्या लागतात.

नोंदायचं राहिलेलं काही सापडलं नाही. उलट बाजूची एक गोष्ट सापडली. बिल 29 मार्च 2025 चं, पार्टी गुजरातची, 7,20,000 अधिक आयजीएसटी 1,29,600. टॅलीत खरेदी 29 मार्चला. गेटवर गाडी 2 एप्रिलला. 31 मार्चच्या साठामोजणीत अर्थातच हा माल नाही.

म्हणजे खरेदी धरली आणि साठा धरला नाही. नफा 7,20,000 ने कमी. दुरुस्ती कशी करायची ते व्यवहाराच्या अटीवर ठरतं. माल पुरवठादाराच्या दारातच आपला झाला असेल, तर खरेदी राहू द्यायची आणि तो मार्गातला माल म्हणून साठ्यात घ्यायचा. माल आपल्या दारात पोचेपर्यंत जोखीम पुरवठादाराची असेल, तर मार्चची खरेदी आणि देणं दोन्ही उलटवायचं. या ऑर्डरवर 'एफओआर भोसरी' लिहिलं आहे, म्हणून दुसरा मार्ग. नफ्यावर परिणाम दोन्हीकडे सारखाच, ताळेबंद मात्र वेगळा दिसतो.

आयजीएसटीचं क्रेडिट कंपनीने मार्चच्या विवरणात घेतलं होतं, कारण बिल मार्चच्या 2बी मध्ये दिसत होतं. 2बी मध्ये दिसणं ही एक अट झाली. कलम 16(2) मध्ये माल मिळालेला असणं ही आणखी एक अट आहे. ते क्रेडिट एप्रिलचं.

25 जून : गेटवर न आलेली गाडी

पाइपचं एक बिल, 4,60,000. जीआरएन आहे, गेट रजिस्टरमध्ये गाडी नाही, काटा पावती नाही. असं बिल हाती आलं की पहिला विचार खोट्या बिलाचाच येतो.

बिलावर शिपिंगचा पत्ता चाकणचा. ई-वे बिलावरही पोहोचीचं ठिकाण तेच. हा पत्ता गॅल्व्हनायझिंग करणाऱ्या जॉबवर्करचा आहे. पाइप पुरवठादाराकडून थेट तिकडे गेले होते आणि ते कायद्याने चालतं, जॉबवर्करकडे थेट पाठवलेल्या मालाचंही क्रेडिट मिळतं. चूक एवढीच, की भोसरीच्या स्टोअरने न पाहिलेल्या मालाची जीआरएन लिहिली.

जॉबवर्करकडून त्याच्या आवक नोंदीची प्रत आणि 31 मार्चला त्याच्याकडे पडून असलेल्या मालाचं पत्र मागवलं, कंपनीमार्फत नाही, थेट आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. पत्राशिवाय हा मुद्दा बंद करायचा नाही.

27 जून : पैसे दिले, पण कधी

नमुन्यातल्या बिलांची पेमेंट बँक स्टेटमेंटशी लावली. लेजरमधली नोंद बघून थांबू नये, बँकेत रक्कम कोणाच्या नावावर गेली ते बघावं. 180 दिवस उलटून गेलेलं एकही बिल नाही.

वेळ गेला तो एका पेंटवाल्याच्या बिलात. उद्यम नोंदणी असलेला लघु उत्पादक, लेखी करार 45 दिवसांचा, बिल 3,85,000 चं, तारीख 12 फेब्रुवारी, पेमेंट 1 एप्रिल. बिलापासून मोजले तर 48 दिवस. मुदत टळली असती तर कलम 43बी(एच) खाली हा खर्च यंदाच्या उत्पन्नातून वजा झाला नसता, आणि टॅक्सच्या तक्त्यात अकाउंटंटने तो नामंजूर धरलाही होता. पण मुदत माल स्वीकारल्यापासून मोजायची असते. गेटवर माल 17 फेब्रुवारीला आला. तिथून 43 दिवस. खर्च चालतो.

जीआरएनवर तारीख 12 फेब्रुवारीच होती. बिलावरून वजन उतरतं तशी तारीखही उतरते.

1 जुलै : दुहेरी नोंदी

हे नमुन्यावर नाही, पूर्ण रजिस्टरवर चालवलं. सी रकान्यात जीएसटीआयएन, एफ मध्ये करपात्र रक्कम :

```
=COUNTIFS(C:C,C2,F:F,F2)
```

दोन किंवा जास्त आले की हाताने बघायचं. बिल नंबरावर शोधू नका, कारण एकच बिल कोणी 142 असं टाकतं तर कोणी 0142/24-25 असं. बहुतेक जोड्या दर महिन्याच्या ठरलेल्या रकमेच्या निघाल्या, गॅस सिलिंडर वगैरे. एक खरी निघाली, ग्राइंडिंग व्हीलची, 22,400 रुपयांची. एकदा ईमेलवर आलेल्या प्रतीवरून आणि एकदा मूळ बिलावरून नोंदलेली. पेमेंट एकदाच झालं होतं, म्हणून ती रक्कम वर्षभर देणेकऱ्यांत लटकत राहिली.

4 जुलै : चर्चा

डायरेक्टर, अकाउंटंट, पर्चेस मॅनेजर आणि स्टोअरचे काका एकत्र बसले. काकांना बोलवा असा आग्रह मी धरला होता.

मार्चच्या ट्रकची, दुहेरी बिलाची आणि फर्मच्या नावच्या 38,000 ची दुरुस्ती नोंद मान्य झाली. प्लेटच्या फरकावर पर्चेस मॅनेजर म्हणाले की पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये सेक्शनल वेट असं लिहिलेलं असतं. कोटेशन काढून बघितलं, खरंच होतं. म्हणजे कोटेशन एक सांगतं आणि ऑर्डर दुसरं. पुरवठादार मान्य करत नाही तोवर एक लाखाचं येणं पुस्तकात धरता येणार नाही. त्याने क्रेडिट नोट दिली तर तेवढं क्रेडिट उलटवावं लागेल. कंपनी त्याच्याशी बोलणार आहे. आम्ही हा मुद्दा व्यवस्थापनाला द्यायच्या पत्रात लेखी घातला, कटिंग वेस्टेजच्या खुलाशांसकट.

स्टोअरसाठी ठरलं ते असं : जीआरएनवर बिलाचं वजन आणि काट्याचं वजन असे दोन रकाने, पावतीचा नंबर आणि गेटवरची तारीख. काट्याचा रकाना रिकामा असेल तर बिल पेमेंटला जाणार नाही. काकांनी विचारलं, काटा बंद असला तर? त्या दिवशी नग आणि मोजलेली जाडी लिहायची, आणि वजन झालेलं नाही असं स्पष्ट लिहायचं. व्हर्निअर कॅलिपर स्टोअरला आजच मागवला.

उघडे मुद्दे : तीन ट्रकांच्या न मिळालेल्या पावत्या, त्यांची नोंदलेली प्रत वजनकाट्याकडे मागितली आहे. गॅल्व्हनायझरचं पत्र अजून आलेलं नाही.